काम सुरू झालेल्या स्टोरीचे पॉइंट बदलावेत की तसेच ठेवावेत?

स्प्रिंटच्या तिसऱ्या दिवशी सकाळच्या स्टँडअपमध्ये कोणीतरी सांगते, "ही स्टोरी आपण ३ ची म्हटली होती, पण ही निदान ८ ची आहे." लगेच दुसरा विचारतो, "मग पॉइंट बदलायचे का?" या प्रश्नावर संघात साधारणपणे दोन तट पडतात. एका तटाला वाटते की खरी माहिती हाती आल्यावर जुना आकडा ठेवणे खोटेपणाचे आहे, तर दुसऱ्याला वाटते की एकदा दिलेला अंदाज बदलणे म्हणजे हिशेबात हात घालणे. मी ज्या संघात पहिल्यांदा पॉइंटांत काम केले, तेथे पहिल्या तटाचे मत चालत असे. सुमारे सहा महिने आम्ही प्रत्येक अवघड निघालेल्या स्टोरीचे पॉइंट चालू कामातच वाढवत होतो आणि आमचे प्रत्येक भाकीत चुकत होते. कारण उमजायला फार उशीर लागला, म्हणून या निर्णयापर्यंत कसे पोचायचे ते येथे क्रमाने मांडतो.

आधी हाताशी काय असावे

निर्णयाला बसण्यापूर्वी पुढील गोष्टी समोर असाव्यात. यांतले काही नसेल, तर चर्चा आवाजाच्या जोरावर ठरते.

- अंदाज दिला त्या दिवशी स्टोरीच्या स्वीकृतीच्या अटी काय होत्या, त्याची नोंद (बहुतेक साधनांत स्टोरीच्या इतिहासात ती सापडते).
- संघाने मापाच्या म्हणून ठरवलेल्या दोन-तीन जुन्या स्टोऱ्या, म्हणजे "आमची ३ ची अशी असते, ५ ची अशी असते" असे दाखवता येईल अशा.
- गेल्या तीन ते सहा स्प्रिंटांची व्हेलॉसिटी, म्हणजे प्रत्येक स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या स्टोऱ्यांच्या पॉइंटांची बेरीज.
- बॅकलॉगमध्ये उरलेल्या, या स्टोरीसारख्याच दिसणाऱ्या स्टोऱ्यांची यादी.

किती तास लागले याची नोंद मी मुद्दाम या यादीत घातलेली नाही. ती समोर असली की तासांचे पॉइंटांत रूपांतर करण्याचा मोह आवरत नाही आणि मग पॉइंट हे तासांचेच दुसरे नाव होऊन बसते.

१. पॉइंट कधीच्या माहितीवर दिलेले आहेत ते ओळखा

व्हेलॉसिटीचा उपयोग एकच आहे: बॅकलॉगमध्ये उरलेल्या पॉइंटांना तिने भागून किती स्प्रिंट लागतील ते काढणे. या भागाकारात वरचा आकडा, म्हणजे उरलेला बॅकलॉग, संपूर्णपणे काम सुरू होण्याआधीच्या माहितीवर उभा असतो. तेथील एकाही स्टोरीला कोणी हात लावलेला नसतो आणि तिच्यात दडलेल्या अडचणी अजून वर आलेल्या नसतात. त्यामुळे खालचा आकडाही त्याच प्रकारच्या माहितीवर आधारलेला हवा. पूर्ण झालेल्या स्टोऱ्यांचे पॉइंट काम करून पाहिल्यावर सुधारले आणि उरलेल्यांचे तसेच ठेवले, तर दोन वेगवेगळ्या मापांनी मोजलेल्या गोष्टींचा भागाकार होतो.

आमचे नेमके हेच होत होते. समजा एका स्प्रिंटमध्ये संघाने ५, ५, ३, ३, २ आणि २ अशा सहा स्टोऱ्या पूर्ण केल्या. मूळ बेरीज २० होते. आता यांतली एक ५ ची आणि दोन्ही ३ च्या स्टोऱ्या अवघड निघाल्या, म्हणून काम चालू असतानाच त्यांचे अनुक्रमे ८, ५ आणि ५ केले. बेरीज २७ झाली. काम तेवढेच, माणसे तीच, दिवस तेवढेच, आणि व्हेलॉसिटी मात्र २० ऐवजी २७. बॅकलॉगमध्ये १२० पॉइंट उरले असतील, तर २७ ने भागल्यावर उत्तर साडेचारच्या आत येते आणि आपण पाच स्प्रिंटांचा शब्द देऊन बसतो. पण त्या १२० पॉइंटांतही अशाच अवघड निघणाऱ्या स्टोऱ्या आहेत, कारण त्यांचा अंदाज त्याच माणसांनी त्याच पद्धतीने दिलेला आहे. मूळ पॉइंट ठेवून आलेले २० हेच प्रामाणिक माप होते आणि त्याने सहा स्प्रिंट सांगितले असते.

याचाच अर्थ असा की कमी पडलेला अंदाज दुरुस्त करण्याची गरज बहुधा नसते, कारण व्हेलॉसिटी ती दुरुस्ती आपोआप करत असते. स्टोरी अवघड निघाली की त्या स्प्रिंटमध्ये एखादी स्टोरी कमी होते, व्हेलॉसिटी तेवढी खाली येते, आणि पुढच्या भाकितात आपल्या नेहमीच्या चुकीचा वाटा धरला जातो. पॉइंट वाढवले की ही दुरुस्तीच आपण पुसून टाकतो.

येथे एक सापळा आहे. फेरअंदाज जवळजवळ नेहमी एकाच दिशेने होतो. ८ ची म्हटलेली स्टोरी दोन दिवसांत संपली, तेव्हा "ही ३ ची करू या" असे स्टँडअपमध्ये म्हणणारा मला तरी अजून भेटलेला नाही. म्हणून कोणी पॉइंट वाढवण्याचा प्रस्ताव मांडला की हा प्रश्न विचारावा: हीच स्टोरी अपेक्षेपेक्षा तेवढीच सोपी निघाली असती, तर आपण पॉइंट कमी केले असते का? उत्तर "नाही" असेल, तर वाढवूही नयेत.

२. काम बदलले की कामाची माहिती बदलली, ते ठरवा

"स्टोरी मोठी निघाली" या एका वाक्यात तीन वेगळ्या घटना लपलेल्या असतात आणि तिघींचे उत्तर वेगळे आहे. अंदाजाच्या दिवशीच्या स्वीकृतीच्या अटी उघडाव्यात, आज जे करायचे आहे ते त्यांच्या शेजारी ठेवावे आणि ओळीला ओळ लावून पाहावे.

अटी त्याच आहेत, पण त्या पूर्ण करायला वाटले त्यापेक्षा जास्त काम आहे, असे दिसले तर बदलली ती फक्त आपली माहिती. जुना कोड गुंतागुंतीचा निघाला, वापरलेल्या लायब्ररीत एक मर्यादा सापडली, चाचण्या नव्याने लिहाव्या लागल्या, ही सगळी याच वर्गातली कारणे. या वर्गात मूळ पॉइंट ठेवावेत. अपवाद पुढच्या पायरीत येईल.

अटी वाढल्या असतील, तर ती वेगळी गोष्ट आहे. "बिलाची पीडीएफ उतरवता यावी" एवढ्यावर अंदाज दिला होता आणि आता "ती ई-मेलनेही जावी, आणि पाठवल्याची नोंद दिसावी" असे म्हटले जात असेल, तर हे नवे काम आहे. त्याचे पॉइंट जुन्या स्टोरीत मिसळू नयेत. नवी स्टोरी लिहावी, तिचा स्वतंत्र अंदाज द्यावा आणि ती याच स्प्रिंटमध्ये घ्यायची की नाही, घ्यायची तर बदल्यात काय बाहेर काढायचे, हे प्रॉडक्ट ओनरबरोबर बसून ठरवावे. २०२० च्या स्क्रम गाइडमध्येही स्प्रिंट चालू असताना अधिक कळत जाईल तसा व्याप स्पष्ट करण्यास आणि प्रॉडक्ट ओनरशी बोलून पुन्हा ठरवण्यास मुभा आहे. जुन्या स्टोरीचेच ३ चे ८ केले, तर वाढलेली मागणी कोणाच्याही डोळ्यांवर येत नाही. महिन्याभराने "इतका उशीर का झाला" असे विचारले गेले की उत्तर द्यायला हातात काही उरत नाही. माझ्या अनुभवात फेरअंदाजाची निम्मी भांडणे खरे तर वाढलेल्या मागणीची असतात, फक्त तिला कोणी नाव दिलेले नसते.

तिसरी शक्यता क्षुल्लक आहे. १३ म्हणायचे होते आणि चुकून ३ टाकले गेले, किंवा दुसऱ्याच स्टोरीचा आकडा हिच्यावर पडला, तर तो फेरअंदाज नव्हे. चूक सुधारावी, चर्चा करू नये.

काही वेळा माहिती इतकी बदलते की स्टोरी एका स्प्रिंटमध्ये मावतच नाही. अशा वेळी ८ चे २० करून ठेवण्याने काहीच साधत नाही, स्टोरी फोडावी. फोडताना प्रत्येक तुकड्याचा अंदाज मापाच्या स्टोऱ्यांशी ताडून नव्याने द्यावा. तुकड्यांची बेरीज मूळ आकड्याएवढी यायला हवी, हा हट्ट मी अनेक संघांत पाहिला आहे, आणि त्यापायी ५, २ आणि १ असे ओढूनताणून जमवलेले आकडेही पाहिले आहेत. बेरीज जुळण्याचे काही कारण नाही. अट एकच: प्रत्येक तुकडा स्वतः वापरता येण्याजोगा असावा. "आधी डेटाबेस, मग स्क्रीन" असे तुकडे पाडले, तर पहिला तुकडा पूर्ण झाल्याचे कोणालाच सांगता येत नाही.

३. अशाच किती स्टोऱ्या उरल्या आहेत ते मोजा

पहिल्या पायरीत म्हटले की व्हेलॉसिटी चुका आपोआप पचवते. पण त्यासाठी एक अट आहे: चुका सगळ्या प्रकारच्या स्टोऱ्यांत साधारण सारख्या पसरलेल्या असाव्यात. प्रत्येकच स्टोरी दीडपट अवघड निघत असेल, तर काहीही बदलण्याची गरज नाही, कारण भागाकाराच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही आकड्यांत तीच चूक आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा चूक एकाच जातीच्या स्टोऱ्यांत साठलेली असते आणि त्या जातीच्या स्टोऱ्या आतापर्यंत थोड्याच झालेल्या असून पुढे पुष्कळ उरलेल्या असतात. मग जुनी व्हेलॉसिटी त्या चुकीविषयी काहीच सांगत नाही, कारण ती दुसऱ्याच प्रकारच्या कामावर कमावलेली असते.

आमच्याकडील एक प्रसंग तपशिलाने सांगतो. आमची सरासरी व्हेलॉसिटी २० होती आणि ती मुख्यतः स्क्रीन बनवण्याच्या कामावर आलेली होती. उरलेल्या १२० पॉइंटांत बाहेरच्या एका प्रणालीतून माहिती आयात करण्याच्या १२ स्टोऱ्या होत्या, प्रत्येकी ३ पॉइंटांच्या: ग्राहक, उत्पादने, ऑर्डरी, बिले इत्यादी. म्हणजे १२० पैकी ३६ पॉइंट. अशा जातीची पहिलीच स्टोरी चालू स्प्रिंटमध्ये होती आणि तिने तिसऱ्या दिवशी घाम फोडला. काम करणाऱ्याचे म्हणणे होते की ही ८ ची आहे आणि बाकीच्या बाराही ८ च्या करायला हव्यात.

आम्ही आधी एक काम केले: अडचणींचे दोन ढीग केले. पहिल्या ढिगात एकदाच येणाऱ्या अडचणी. बाहेरची प्रणाली एका वेळी थोड्याच नोंदी देत होती आणि मध्येच नकार देत होती, म्हणून जेथे तुटले तेथून पुन्हा सुरू होणारी यंत्रणा लिहावी लागली. ती एकदा लिहिली की पुढच्या बाराही स्टोऱ्यांना तयार मिळणार होती. दुसऱ्या ढिगात प्रत्येक आयातीत पुन्हा येणाऱ्या अडचणी: दोन प्रणालींतील रकाने एकमेकांना न जुळणे आणि एकच नोंद दोनदा आली तर ती ओळखणे. या प्रत्येक वेळी नव्याने सोडवाव्या लागणार होत्या, कारण ग्राहक ओळखण्याचा नियम बिलाला लागू पडत नाही.

एकदाच येणाऱ्या अडचणी फेरअंदाजात धरायच्या नाहीत, हे ठरले की चित्र बरेच निवळले. तशा अडचणी प्रत्येकच स्टोरीत काही ना काही निघतात आणि त्या व्हेलॉसिटीने पचवायच्या असतात. उरलेल्या, म्हणजे दुसऱ्या ढिगाच्या कामाची तुलना आम्ही मापाच्या स्टोऱ्यांशी केली. ते ३ च्या मापापेक्षा स्पष्टपणे मोठे आणि ५ च्या मापाच्या जवळ भरले. म्हणून सुरू न झालेल्या बाराही स्टोऱ्या ५ च्या केल्या. ३६ चे ६० झाले आणि बॅकलॉग १२० वरून १४४ वर गेला.

चालू स्टोरीचे काय? एरवी मी तिला हात लावला नसता, पण येथे तीही ३ ची ५ केली. कारण असे की तिच्या जातीच्या बाकी सगळ्या स्टोऱ्या ५ च्या झाल्यावर ती एकटी ३ ची राहिली असती, तर आयातीचे काम बारापैकी प्रत्येक ठिकाणी एका मापाने आणि येथे दुसऱ्या मापाने मोजले गेले असते. लक्षात घ्या, तिला लागलेल्या श्रमांप्रमाणे ८ केले नाही. जातीच्या मापाप्रमाणे ५ केले. दोन पॉइंटांच्या या वाढीने तीन स्प्रिंटांच्या सरासरीत एक पॉइंटही भर पडत नाही, त्यामुळे भाकीत त्यामुळे बिघडले नाही. १४४ ला २० च्या आसपासच्या व्हेलॉसिटीने भागून आम्ही "सात ते आठ स्प्रिंट" असे कळवले. आधी कळवलेले सहा होते. प्रॉडक्ट ओनरला ते आवडले नाही, पण त्याने बारापैकी चार आयाती पुढच्या टप्प्यावर ढकलल्या, आणि हा निर्णय त्याला तिसऱ्या दिवशी घेता आला, पाचव्या स्प्रिंटच्या शेवटी नव्हे.

अशा स्टोऱ्या शोधण्यासाठी त्यांना आधीपासून एक सामाईक खूण दिलेली असली की बरे पडते. जिरा वापरत असाल, तर सुरू न झालेल्या स्टोऱ्या अशा काढता येतात (प्रकल्पाची आणि खुणेची नावे आपापली घालावीत):

```
project = ABC AND issuetype = Story AND labels = import AND statusCategory = "To Do"
```

यादीत एक-दोनच स्टोऱ्या आल्या, तर थांबावे आणि मूळ पॉइंटच ठेवावेत. किती आल्या म्हणजे फेरअंदाज करावा याचा ठाम आकडा नाही. मी असे पाहतो: त्यांच्या बदललेल्या पॉइंटांनी भाकितात निदान एका स्प्रिंटचा फरक पडतो का? पडत नसेल, तर त्या तासाभराच्या बैठकीपेक्षा काम करणे स्वस्त पडते.

४. स्प्रिंट संपला आणि स्टोरी अर्धवट राहिली, तर

येथे नवख्या संघांचा हात हमखास सुटतो. ८ ची स्टोरी बरीचशी झालेली असते, म्हणून "५ आत्ता धरू, ३ पुढच्या स्प्रिंटला" असा तोडगा निघतो. तो काढू नये. पहिल्या स्प्रिंटमध्ये तिचे शून्य पॉइंट धरावेत आणि ती पूर्ण होईल त्या स्प्रिंटमध्ये मूळचे सगळे ८ धरावेत. पहिल्या स्प्रिंटमध्ये बाकीच्या स्टोऱ्यांचे १४ झाले आणि दुसऱ्यात बाकीच्यांचे १८ व हिचे ८ मिळून २६ झाले, तर आलेख वरखाली दिसेल, पण सरासरी २० च येते. भाकीत सरासरीवर करायचे असते, म्हणून एकेका स्प्रिंटचा चढउतार सोसावा. "बरीचशी झाली" हा अंदाज किती फसवा असतो, हे उरलेल्या ३ पॉइंटांना दुसऱ्या स्प्रिंटचे सहा दिवस लागल्यावर कळते.

यावर एक रास्त शंका येते: पुढच्या स्प्रिंटचे नियोजन करताना तिला ८ धरले, तर बाकी १२ च पॉइंट घेता येतील आणि माणसे रिकामी राहतील. त्यावर उपाय असा की नोंदीतील ८ तसेच ठेवावेत, आणि नियोजनाच्या बैठकीत "हिचे दोन दिवसांचे काम उरले आहे" असे तोंडी धरून त्याप्रमाणे बाकीच्या स्टोऱ्या घ्याव्यात. स्प्रिंटमध्ये किती घ्यायचे हा संघाच्या समजुतीचा निर्णय आहे, त्यासाठी आकडा बदलावा लागत नाही.

मात्र अर्धवट स्टोरी लगेच पुढे न नेता बाजूला ठेवली, आणि ती दोन महिन्यांनी परत येणार असेल, तर ती परत येताना उरलेल्या कामाचा नवा अंदाज द्यावा. तोपर्यंत आजूबाजूचा कोड बदललेला असतो आणि ती प्रत्यक्षात नवीच स्टोरी झालेली असते. आधी झालेल्या कामाचे पॉइंट कोठेच धरले जात नाहीत. याचे वाईट वाटते, पण पूर्ण न झालेल्या कामाचा भाकिताला काही उपयोगही नसतो.

५. साधनात काय दिसेल ते आधी जाणून घ्या, आणि निर्णय लिहून ठेवा

जिराच्या व्हेलॉसिटीच्या आलेखात प्रत्येक स्प्रिंटसाठी दोन पट्ट्या असतात. `Commitment` ही पट्टी स्प्रिंट सुरू होताना असलेल्या पॉइंटांची असते आणि नंतरच्या बदलांनी ती हलत नाही. `Completed` ही मात्र स्प्रिंट संपतानाच्या पॉइंटांवर बनते. त्यामुळे पहिल्या पायरीतील उदाहरणात पहिली पट्टी २० ची आणि दुसरी २७ ची दिसेल, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की संघाने ठरवल्यापेक्षा एकतृतीयांश जास्त काम केले. अशी तफावत सलग दोन-तीन स्प्रिंटांत दिसली, तर कोणीतरी चालू कामाचे पॉइंट वाढवत आहे, हे ओळखण्याची ती सोपी खूण आहे.

असे कोणी का करते, हेही पाहावे लागते. जेथे पॉइंटांवरून माणसांची तुलना होते, तेथे कोणीही आपली अवघड गेलेली स्टोरी ३ ची राहू देणार नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. अशा ठिकाणी वरच्या सगळ्या पायऱ्या निरुपयोगी आहेत. आधी ती तुलना थांबवावी लागते. उलट बाजूने वरिष्ठ "ही ८ ची कशी, ५ ची करा" म्हणू लागले, तर स्क्रम गाइडप्रमाणे कामाचा आकार ठरवण्याची जबाबदारी ते काम करणाऱ्यांची असते, एवढे शांतपणे दाखवून द्यावे.

निर्णय कोणताही होवो, स्टोरीखाली दोन ओळींची टीप लिहावी. आयातीच्या पहिल्या स्टोरीखाली आमची टीप अशी होती: "३ चे ५ केले. कारण: रकाने जुळवणे व दुबार नोंदी ओळखणे हे काम आयातीच्या सर्व १२ उरलेल्या स्टोऱ्यांत येणार, त्या सर्व ५ केल्या आहेत. पुन्हा सुरू होण्याची यंत्रणा धरलेली नाही, ती एकदाच लिहायची होती." आणि जेथे बदल केला नाही, तेथेही: "मूळ ५ ठेवले. अटी बदललेल्या नाहीत, अशा इतर स्टोऱ्या नाहीत." या दुसऱ्या प्रकारच्या टिपा रिट्रोमध्ये एकत्र वाचाव्यात. त्यांत एकच कारण तीन-चार वेळा आलेले दिसले, तर ज्यांना आपण सुट्या स्टोऱ्या समजत होतो त्यांची एक जात तयार झालेली असते, आणि तेव्हा तिसऱ्या पायरीकडे परत जावे लागते.